मंजू, मेरी खोलीबाहेर आली तेव्हा नक्की काय झालं गं?

प्रिय मंजू,

शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे, पुढं मी तुला मध्ये बोलू देणार नाहीये. गणपतीत तुझे मेसेज आले आणि मी नुसते अंगठे दाखवले, मलाही माहितीय. माझी तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, शुगर काठावर आहे, झालं.

विषय मेरीचा आहे. हो, तीच मेरी, तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सनच्या विचारप्रयोगातली, रंग न बघता रंगांचं सगळं शास्त्र शिकलेली. हसू नकोस, यावेळी खरंच काहीतरी झालंय आणि ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही, इथं स्टाफरूममध्ये सांगितलं तर लोक मलाच डॉक्टर सुचवतील.

ओंकारचं ताईनं तुला कळवलं असेल. पोरगं रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची परीक्षा पास झालं, पेढे वाटून झाले, आणि मेडिकलला अडकलं. रंग. त्या पोस्टला मेडिकलचा ए-वन वर्ग लागतो आणि त्यात कलर व्हिजनला माफी नाही. एवढा घोडा झाला तरी घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं बघ. आंबा पिकलाय का विचारलं की तो नुसतं बघून कधीच सांगायचा नाही, हातात घ्यायचा, दाबायचा, देठाशी वास घ्यायचा, आणि आम्ही म्हणायचो काय जाणकार पोरगं आहे!

ताईचं आता एकच चाललंय, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं. कारण हे एक्स क्रोमोसोमवरून येतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. तिला समजावणं हा वेगळाच उद्योग झालाय.

तर खात्री करायला आम्ही आपल्या इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी ते इशिहाराचं पुस्तक काढलं, रंगीत ठिपक्यांची पानं असतात बघ. पहिल्या पानावर १२, तो सगळ्यांनाच दिसतो, म्हणजे माणसाला खेळ कळलाय का तेवढं बघायला. पुढं एका पानावर मला स्वच्छ ७४ दिसत होते आणि ओंकारनं सरळ २१ म्हणून सांगितलं, अडखळला नाही, डोळे बारीक केले नाहीत, काही नाही. आणि मग एक पान आलं त्यात मला काहीच दिसेना, नुसती ठिपक्यांची खिचडी, आणि हा पठ्ठ्या आकडा वाचून मोकळा. डॉक्टर हसले. म्हणाले ही पानं उलटी बनवलेली असतात, तुमच्या डोळ्याला लाल-हिरव्याचा फरक इतका जाणवतो की त्या गडबडीत आकडा हरवतो, त्याला ती गडबडच नाही, म्हणून त्याला दिसतो. ओंकारचा चेहरा बघायला हवा होतास, मेडिकल झाल्यापासून पहिल्यांदा जरा खुलला.

डॉक्टर म्हणाले याचा प्रकार असाय की लाल नुसता वेगळा दिसत नाही, अंधुकही दिसतो. लांबचा लाल दिवा त्याला आपल्यापेक्षा उशिरा जाणवणार. म्हणजे रेल्वेचं काही चुकलं नाही, ते ओंकारलाही पटलंय. पण येताना बसमध्ये मला म्हणतो, मावशी, तू फिलॉसॉफी शिकवतेस ना, मग मला एवढंच सांग, लाल रंगाची वेव्हलेंग्थ मला माहितीये, डोळ्यातल्या तीन पेशी मी बारावीला पाठ केल्यात, त्यातली माझी कुठली बिघडलीय तेही आता माहितीये, मग मला नक्की काय माहीत नाहीये?

मंजू, हॉस्टेलच्या गच्चीवर तू मला हेच विचारायचीस, शब्दसुद्धा जवळजवळ हेच, फक्त तू ते छद्मी हसून विचारायचीस. "सांग ना, त्या बाईला बाहेर येऊन नक्की काय कळलं? वाक्यात सांग." आणि मी म्हणायचे वाक्यात येत नाही हाच तर मुद्दाय. आणि तू म्हणायचीस वाक्यात येत नाही तर ते ज्ञान नाहीच. त्यावरून नंदीनं आपल्या दोघींना खोलीबाहेर काढलेलं.

मी परत सगळं काढून बसले. एक लक्षात आलं, आपण भांडलो ते जॅक्सनच्या ८२ च्या लेखावरून, जोशी सरांनी झेरॉक्स दिलेली ती. ८६ चा छोटा लेख आपण दोघींनीही तेव्हा वाचला नव्हता. ८२ मध्ये मेरी काळ्यापांढऱ्या खोलीत आहे, काळ्यापांढऱ्या टीव्हीवरून शिकते, रंग बघताना डोळ्यात आणि मेंदूत काय घडतं ते सगळं तिला माहितीये, आणि मग बाहेर येऊन तिला काहीतरी नवं कळतं. म्हणून भौतिक माहिती म्हणजे सगळी माहिती नव्हे, म्हणून जे आहे ते सगळं भौतिकच असं म्हणणारा फिजिकलिझम खोटा. एवढंच आपण धरून बसलो. ८६ मध्ये तो एक गोष्ट स्पष्ट करतो. मेरीला स्वतःच्या अनुभवाबद्दल काहीतरी नवं कळतं हा मुद्दा नाहीच, तो अनुभव तिला आधी नव्हताच, मग त्याबद्दल आधी माहिती नसणार यात कसलं नवल. मुद्दा असा की *इतर लोकांना* इतकी वर्षं टोमॅटो बघून काय होत होतं ते तिला आता कळतं. ती माणसं तर खोलीबाहेर होतीच, त्यांच्या मेंदूंची सगळी माहिती तिच्याकडे होती, आणि तरी त्यांच्याबद्दलचं काहीतरी सुटलं होतं. हे वाचल्यावर मला ओंकारचा प्रश्न जास्तच टोचायला लागला, कारण त्यालाही स्वतःबद्दल काही विचारायचं नाहीये, तो *माझ्याबद्दल* विचारतोय. मावशीला काय होतं लाल बघून.

आता तू म्हणशील ओंकार म्हणजे मेरी नव्हे. बरोबर. मेरीचे डोळे धडधाकट आहेत, फक्त रंग समोर आला नाही. ओंकारला उद्या कुठल्याही खोलीतून बाहेर काढलं तरी काही होणार नाही. आणि मेरीला *सगळं* माहितीये, ओंकारला बारावीचं पुस्तक. खऱ्या जगात मेरीच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस म्हणजे तो नॉर्वेचा नूट नॉर्डबी, जन्मापासून एकही रंग न दिसलेला आणि धंद्यानं दृष्टीचा शास्त्रज्ञ. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की रंगांचं फिजिक्स आणि डोळ्याचं कामकाज मी नीट शिकलो पण रंग म्हणजे काय हे त्यातून कळत नाही. तू लगेच म्हणणार, तो काय सर्वज्ञ होता का, अजून शिकला असता तर कळलं असतं कशावरून नाही? हे तुझं पेटंट वाक्य. त्यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आताही नाही, पण ते वाक्य कशावरही चालतं म्हणून मला ते आवडत नाही.

पण तुझा खरा हुकमाचा पत्ता तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसचा होता. की मेरीला नवीन *माहिती* मिळतच नाही, तिला नवीन *जमायला* लागतं. पोहण्यावर अख्खं पुस्तक वाचलं आणि मग पाण्यात उतरून पोहायला लागलीस तर जगाबद्दल नवीन वस्तुस्थिती कळली असं कुणी म्हणत नाही, तसंच. मूळ कल्पना नेमिरोची, १९८० मधली, आणि लुईसनं ८८ मध्ये ती नीट मांडली: मेरीला आता लाल आठवता येतो, मनात आणता येतो, परत दिसला तर ओळखता येतो. बस्स. तीन कौशल्यं, नवीन सत्य एकही नाही, फिजिकलिझम सुखरूप.

आणि खरं सांगू, बसमध्ये मी ओंकारला तुझंच उत्तर दिलं. म्हणलं, अरे तुला माहीत नाही असं काही नाही, तुला एक गोष्ट जमत नाही इतकंच, जसं मला शिट्टी वाजवता येत नाही. ताई पुढच्या सीटवर होती, तिला ते इतकं बरं वाटलं की घरी येऊन तिनं भाऊजींना तसंच्या तसं सांगितलं. ओंकार मात्र गप्प बसला. तो गप्प बसला की समजायचं पटलेलं नाही, तुझ्यासारखंच.

पटायला नकोच होतं. का ते सांगते, आणि आता तू खरंच मध्ये बोलू नकोस. तू आणि मी लक्ष्मी रोडला नंदीच्या लग्नाच्या साड्या बघत होतो, आठवतंय? दुकानदारानं एकाच डिझाइनमध्ये दोन डाळिंबी टाकल्या पुढ्यात, शेजारीशेजारी, एक किंचित आमसुलाकडे झुकलेली. फरक स्वच्छ दिसत होता, आपण दोघी त्यावर अर्धा तास खल करत होतो. मग मॅचिंग सेंटरला गेलो आणि तू म्हणालीस साडी कशाला न्यायची, माझ्या लक्षात आहे शेड. आणि ब्लाउजपीस कुठला आणलास? नंदी अजून बोलते त्यावरून. शेड लक्षात राहतच नाही कुणाच्या, म्हणून तर बायका अख्खी साडी पिशवीत घालून मॅचिंगला जातात.

आता लुईसची तीन कौशल्यं लावून बघ. ती नेमकी शेड आठवता येते का? नाही. मनात आणता येते का? एक ढोबळ डाळिंबी येते, तीच कुठली ते सांगता येत नाही. परत ओळखता येते का? ब्लाउजपीसनं सिद्ध केलं. पण साडी समोर असताना, त्या क्षणी, ती शेड दिसणं म्हणजे काय हे तुला माहीत होतं की नव्हतं? होतंच की! म्हणजे तिन्ही कौशल्यं नाहीत आणि कळणं मात्र आहे. मग कळणं म्हणजे ती कौशल्यं हे कसं? ही माझी अक्कल नाही, अर्ल कोनी आणि मायकल टाय यांनी याच अंगानं लुईसला धरलंय, मी फक्त त्यांना लक्ष्मी रोडला आणलं. शिवाय जॅक्सन ८६ मध्येच म्हणतो, समजा बाहेर आल्यावर मेरीला शंका आली की इतरांनाही असंच दिसतं हे मी कशावरून धरते, आणि ती कधी हो म्हणते कधी नाही म्हणते, तर ती कशाबद्दल मागंपुढं करतेय? स्वतःच्या कौशल्याबद्दल तर नाही, ते सगळा वेळ तेवढंच आहे. ती एका वस्तुस्थितीबद्दल मागंपुढं करतेय. हा टोला मला फार आवडला. यावर तुझं काय ते मला लेखी हवंय.

तर दोन दिवसांनी मी ओंकारला दुसरं उत्तर दिलं. हे फिजिकलिस्ट लोकांचं आताचं जास्त चालणारं उत्तर, ब्रायन लोअर वगैरे मंडळींचं. की वस्तुस्थिती तीच, पण तिच्यापर्यंत पोचायचा मार्ग नवा. मेरीला खोलीत असताना लाल-अनुभव मेंदूच्या भाषेत माहीत होता, बाहेर आल्यावर तोच स्वतः भोगून माहीत झाला. संध्याकाळचा तारा आणि पहाटेचा तारा हे दोन्ही शुक्रच, हे कळणाऱ्याला आकाशात नवीन ग्रह सापडत नाही. पटण्यासारखंय ना? मलाही यात दम वाटतो. मी ओंकारला म्हणलं, माझ्या डोक्यात जे होतं ते तुला पुस्तकातून माहीत होऊ शकतं, फक्त त्याच्याकडे जायची एक वाट तुझ्याकडे नाहीये.

तो म्हणाला, "मग त्या वाटेवर काय दिसतं?"

मंजू, हे पोरगं डिप्लोमा मेकॅनिकल आहे गं! आणि त्यानं जे विचारलं तीच या उत्तरातली सगळ्यात दुखरी जागा आहे. शुक्राच्या बाबतीत दोन वाटा वेगळ्या का आहेत, तर एकदा तो संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, एकदा पहाटे पूर्वेला, म्हणजे शुक्राचे दोन वेगळे गुण पकडून आपण दोन वाटांनी जातो. मग लाल-अनुभवाकडे दोन वाटांनी जाताना भोगण्याची वाट कुठला गुण पकडते? तो गुण भौतिक असेल तर मेरीला तो आधीच माहीत, आणि नसेल तर जॅक्सन जिंकला. लोअरचं म्हणणं की ही वाट मध्ये कुठलाही गुण न पकडता थेट पोचते, अनुभवच स्वतःला दाखवतो. असेल. पण हे मी ओंकारला कुठल्या तोंडानं सांगू, त्याला ते "तुला नाही कळायचं" असंच ऐकू येणार.

इथं मला एक फार कामाची बाई सापडली, मार्टीन निडा-रूमेलिन, हिनं मेरीची बहीण काढलीय, मारियाना. तिला खोलीतून बाहेर काढतात ते थेट टोमॅटोकडे नाही, तर दुसऱ्या एका खोलीत जिथं भिंती, टेबलं, चित्रं वाटेल त्या रंगाची आहेत, पण जिचा रंग ठरलेला असतो अशी वस्तू एकही नाही. म्हणजे तिला रंग दिसले, पण त्यातला आकाशाचा कुठला, टोमॅटोचा कुठला हे माहीत नाही. ती अंदाज करते, चुकतेही. आता तिला आपलं इशिहाराचं पुस्तक दे. ती फटकन ७४ म्हणेल, डोळे चांगलेत. पण विचार, यातले लाल ठिपके कुठले? तिला नाही सांगता येणार. पुस्तकाच्या टेस्टला पास आणि सिग्नलचा रंग नाव घेऊन सांगायला लावला की नापास! आणि लाल बघताना मेंदूत काय होतं ते सगळं तिला पाठ आहे. मग ज्या दिवशी तिला टोमॅटो दाखवतात आणि ती म्हणते अच्छा, म्हणजे *हा* होय, त्या दिवशी तिचं नक्की काय मिटलं? तिच्यासमोर खरोखरच्या शक्यता होत्या, हा असेल किंवा तो असेल, आणि त्यातली एक उरली. शक्यता गळतात तेव्हा आपण त्याला माहितीच म्हणतो ना? फिजिकलिस्ट म्हणेल शक्यता फक्त तिच्या डोक्यात होत्या, जगात एकच होती. मी म्हणते ठीक, पण मग शंभरातल्या नव्वद चौकश्यांचं तसंच असतं.

आता तुझ्या बाजूचं सांगते, नाहीतर म्हणशील शुभा अजून तशीच एकांगी. जॅक्सननं स्वतःच पक्ष बदलला हे तू मला एकदा अर्ध्या रात्री फोन करून सांगितलेलंस, आणि मी म्हणलेलं म्हातारा झाला. ते मी आता नीट वाचलं. ९८ पासून तो फिजिकलिस्ट आहे आणि त्याचं कारण लुईस नाही, लोअर नाही, त्याचं स्वतःचं जुनं वाक्य आहे. ८२ मध्ये तो म्हणालेला की हे जे लालपणाचं वाटणं आहे ते जगात काहीही घडवून आणत नाही, मेंदूच्या कामाचं नुसतं उपउत्पादन आहे. मग पुढचं बघ. मेरी बाहेर येते आणि "अय्या!" म्हणते. ते अय्या कशामुळं निघालं? तोंड हललं ते नसांमुळं, नसा मेंदूमुळं. त्या वाटण्यामुळं नाही, कारण ते काहीच घडवत नाही. मग त्या अय्यावरून असं वाटणं आहे हे तू सिद्ध कसं करतोस? ते वाटणं नसतं तरी ती अय्याच म्हणाली असती. जॅक्सनचा पाय स्वतःच्याच दाव्यात अडकला. आणि त्याला हे दिसलं आणि त्यानं ते मान्य केलं, हे मला फार मोठं वाटतं. मग तो म्हणतो लाल दिसणं म्हणजे मेंदूनं एखाद्या वस्तूला अमुक प्रकारची म्हणून दाखवणं, तो दाखवण्याचा प्रकार आहे, आत कुठं लालपणा नावाचा जिन्नस ठेवलेला नाही.

मला रेल्वेची आठवण झाली. रेल्वेला ओंकारला लाल बघून काय वाटतं याच्याशी घेणंदेणं आहे का? काडीचं नाही. लाल आणि हिरवा वेगळा ओळखून तो वेळेत ब्रेकला हात घालतो का, बास. जे काहीतरी घडवून आणतं तेवढंच रेल्वे तपासते. आणि ओंकार मला जे विचारतोय ते नेमकं उरलेलं आहे, जे कुठल्याही मेडिकलमध्ये तपासत नाहीत. जॅक्सनचं आताचं खरं मानलं तर उरलेलं असं काही नाहीच, दाखवण्याचं काम संपलं की हिशोब संपला. आणि त्या ठिपक्यांच्या पानावर तो आकडा वाचत होता आणि मी मठ्ठासारखी बघत होते, तेव्हा मी त्याची मेरी होते ना? त्याला तिथं काय दिसलं हे मला माहीत नाही. जगात अशी अगदी थोडी माणसं सापडलीत ज्यांचा एक डोळा नीट आणि एक असा होता, ते दोन्हींची तुलना करून सांगतात की तशा डोळ्याला जग मुख्यतः निळ्यापिवळ्यात दिसतं. ते मी वाचलं, ओंकारलाही सांगितलं, तो म्हणाला, "म्हणजे तुला आता माझं कळलं का?" नाही कळलं. निळं-पिवळं मला माहितीये, तरी नाही कळलं.

आता तूच सांग मी कुठं आहे. डोक्यानं मी जॅक्सनच्या नवीन पक्षात जवळजवळ बसलेय, त्या अय्याच्या आर्ग्युमेंटला मला तोड सापडत नाही. आणि लेक्चरला मेरी सांगायला उभी राहिले की वाटतं मारियाना खरी आहे, तिला काहीतरी कळलंच. दोन्ही एकदम धरता येत नाही. वर्गात काय सांगू? मागच्या मंगळवारी मी लुईसपर्यंत आले आणि नोट्स आणायला विसरले म्हणून वर्ग सोडून दिला. नोट्स पर्समध्येच होत्या.

ओंकारनं क्लेरिकलचा फॉर्म भरलाय, तिथं कलर व्हिजन लागत नाही. ताई जेवायला लागलीय. तू बंगळुरूला फ्लॅट घेतलास म्हणे, अभिनंदन, फोटो पाठव पण लिफ्टमधले नको. रियाची बारावी ना यंदा? तिला माझ्याकडून काही सांगू नकोस, पोरांना या वर्षात कुणाचं काही नको असतं. तुझ्या मायग्रेनचं काय झालं ते कळव. सासूबाईंना नमस्कार.

दिवाळीत येणार असशील तर दोन दिवस आमच्याकडे काढ, ओंकारशी तू बोल. त्याला तुझं पटतं, आणि मुख्य म्हणजे तू त्याला "जमत नाही" हे उत्तर देणार असशील तर ते माझ्यासमोर दे, मला त्याचा पुढचा प्रश्न ऐकायचाय. ८६ चा लेख स्कॅन करून मेल करतेय, जेमतेम पाच पानं आहेत, बसमध्ये होईल. आणि उत्तर मेसेजवर देऊ नकोस, अंगठा तर अजिबात नको.

तुझी,
शुभा